कोपऱ्यावर आधी काय विचारायचं?

मोबाइलमधला एखादा .jpg फोटो उघडला, की चित्र पडद्यावर येण्याआधी फोनला एक ठरलेली चाल चालावी लागते. आठ ओळी आणि आठ स्तंभांचा एक चौकोन असतो. डावीकडच्या वरच्या घरातून निघायचं, तिरप्या रेघांवरून एकदा खाली, एकदा वर असं नागमोडी जायचं आणि उजवीकडच्या खालच्या घरात थांबायचं. घरं चौसष्ट, प्रत्येकात एकदाच पाऊल. ४००० बाय ३००० ठिपक्यांच्या फोटोत नुसत्या उजेड-अंधाराचेच असे १ लाख ८७ हजार ५०० चौकोन होतात, रंगांचे वेगळे.

ही चाल कागदावर बोटाने गिरवायला सांगितली तर शाळकरी मूलही गिरवेल. कॉम्प्युटरला सांगताना मात्र चांगले चांगले प्रोग्रामर अडखळतात, आणि अडखळतात ते नेहमी एकाच जागी, कडेला. मधल्या घरांत काही अडत नाही. कडेला पोचल्यावर कुठे वळायचं, हा प्रश्न येतो. त्यातही एक बारीक खोच अशी आहे, की चूक असूनही प्रोग्राम बराच काळ बरोबर उत्तरं देत राहतो. ती खोच उलगडायची तर आधी ही चाल मुळात कशासाठी, ते पाहायला हवं.

फोटोतले आठ बाय आठ ठिपके घेतले की ६४ आकडे मिळतात, प्रत्येक ठिपका किती उजळ ते सांगणारे. जेपेग पद्धतीत ते तसेच साठवत नाहीत. आधी त्यांवर एक गणिती प्रक्रिया होते, डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत तिच्यावरचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. या प्रक्रियेतूनही ६४ आकडेच बाहेर पडतात, पण त्यांचा अर्थ पालटलेला असतो. वरच्या डाव्या घरात चौकोनाचा सरासरी उजेड येतो. तिथून उजवीकडे जावं तसे आडव्या दिशेने होणारे बदल येतात, आधी सावकाश होणारे, मग भराभर होणारे. खाली जावं तसे उभ्या दिशेचे बदल येतात. खालच्या उजव्या कोपऱ्यात अगदी बारीक कलाकुसर उरते. आभाळाच्या, गालाच्या, भिंतीच्या तुकड्यात ती जवळपास नसतेच, आणि असली तरी डोळ्याला फारशी कळत नाही.

पुढच्या पायरीत प्रत्येक आकड्याला एका ठरलेल्या संख्येने भागून उत्तर पूर्णांकात घेतात. जेपेगच्या १९९२ च्या मानकात नमुन्यादाखल दिलेल्या तक्त्यात वरच्या डाव्या घराचा भाजक १६ आहे आणि खालच्या उजव्या घराचा ९९. कोपऱ्यातल्या आधीच लहान असलेल्या आकड्याला ९९ ने भागलं की हाती शून्यच येणार. म्हणून भागाकारानंतर चौकोन बहुधा असा दिसतो:

```
५२  -३   ०   १   ०   ०   ०   ०
 ४   ०  -१   ०   ०   ०   ०   ०
-२   १   ०   ०   ०   ०   ०   ०
 ०   ०   ०   ०   ०   ०   ०   ०
```

खालच्या चार ओळी सगळ्या शून्यांच्याच, म्हणून दाखवल्या नाहीत. आता हे आकडे एकामागोमाग एक फाइलमध्ये लिहायचे आहेत. नेहमीसारखं ओळीने वाचत गेलो तर शून्य नसलेला शेवटचा आकडा अठराव्या जागी येतो, आणि तोवर चार ठिकाणी शून्यांची खिंडारं पडतात. त्या प्रत्येक खिंडाराची नोंद ठेवावी लागते. नागमोडी वाचलं तर क्रम येतो ५२, -३, ४, -२, ०, ०, १, -१, १. नऊ आकड्यांत विषय संपतो. उरलेली ५५ शून्यं लिहायचीच नाहीत, ‘यापुढे सगळं शून्य’ अशी एक खूण केली की झालं. कामाचे आकडे वरच्या डाव्या कोपऱ्याला गोळा झालेले असतात आणि तिरप्या रेघा नेमक्या त्याच कोपऱ्यापासून दूर दूर सरकत जातात. नफा होतो तो यातून.

सगळ्या रेघा एकाच दिशेने, म्हणजे प्रत्येक वेळी वरून खाली वाचल्या असत्या तरी शून्यं शेवटी जमलीच असती. नागमोडी जाण्याने एवढंच साधतं की लागोपाठचे दोन आकडे नेहमी शेजारच्या घरांतले असतात. माझ्या मते हा फायदा बेताचाच आहे. पण मानकात एकदा क्रम छापला गेला, की जगातल्या प्रत्येक कॅमेऱ्याला आणि प्रत्येक फोनला तोच पाळावा लागतो. मग वळणंही बिनचूकच यायला हवीत.

वळणं नीट दिसावीत म्हणून लहान मॅट्रिक्स घेऊ. तीन ओळी, चार स्तंभ.

```
१   २   ३   ४
५   ६   ७   ८
९  १०  ११  १२
```

१ पासून उजवीकडे २ वर जायचं. तिथून तिरपं खाली ५. डावी कड लागली, आणखी डावीकडे जाता येत नाही, म्हणून सरळ खाली ९. आता दिशा उलटली: तिरपं वर ६, मग ३. वरची कड लागली, म्हणून उजवीकडे ४. पुन्हा तिरपं खाली ७, १०. खालची कड लागली, म्हणून उजवीकडे ११. तिरपं वर ८. उजवी कड लागली, म्हणून खाली १२. पूर्ण क्रम झाला १, २, ५, ९, ६, ३, ४, ७, १०, ११, ८, १२.

या फेरीत चारही कडा एकेकदा तरी भेटल्या, आणि नियम आपोआप हाती आला. वर चाललो असताना वरची कड लागली तर उजवीकडे एक घर, उजवी कड लागली तर खाली एक घर. खाली चाललो असताना डावी कड लागली तर खाली एक घर, खालची कड लागली तर उजवीकडे एक घर. प्रत्येक वळणावर चालण्याची दिशा पालटायची. कड नसेल तर तिरपं पुढे जात राहायचं.

नियम चार, सगळे सोपे, सगळे खरे. एवढ्यावर बहुतेक जण प्रोग्राम लिहायला बसतात. वाक्यं मनात ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने ती लिहिली जातात, आणि वर जाताना आधी ‘वरची कड लागली का?’ असंच कुणीही विचारेल.

आता वरचा उजवा कोपरा घ्या. ते घर पहिल्या ओळीत आहे आणि शेवटच्या स्तंभातही आहे. वर जात जात तिथे पोचलो तर दोन नियम एकाच वेळी लागू होतात आणि दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. वरच्या कडेचा नियम म्हणतो उजवीकडे जा, पण उजवीकडे मॅट्रिक्स संपलेली असते. उजव्या कडेचा नियम म्हणतो खाली जा, आणि खाली खरोखरच घर असतं. म्हणजे वर जाताना उजव्या कडेची चौकशी आधी करायला हवी, वरच्या कडेची नंतर. खालच्या डाव्या कोपऱ्यात हेच उलट बाजूने घडतं. डाव्या कडेचा नियम खाली ढकलतो, तिथे काहीच नसतं. खालच्या कडेचा नियम उजवीकडे नेतो आणि वाट सापडते. म्हणून खाली येताना खालच्या कडेला आधी विचारायचं, डावीला मागाहून. पायथन भाषेत ते असं होतं:

```python
def zigzag(m):
    R, C = len(m), len(m[0])
    r = c = 0
    up, out = True, []
    for _ in range(R * C):
        out.append(m[r][c])
        if up:
            if c == C - 1:
                r += 1; up = False
            elif r == 0:
                c += 1; up = False
            else:
                r -= 1; c += 1
        else:
            if r == R - 1:
                c += 1; up = True
            elif c == 0:
                r += 1; up = True
            else:
                r += 1; c -= 1
    return out
```

यात `R` म्हणजे ओळींची संख्या आणि `C` म्हणजे स्तंभांची. `r` आणि `c` म्हणजे आपण सध्या उभे आहोत ती ओळ आणि तो स्तंभ, दोन्ही शून्यापासून मोजलेले. `if` आणि `elif` यांचा क्रम हाच या प्रोग्रामचा जीव. त्या दोन जोड्या अदलाबदल केल्या तर प्रोग्राम चुकीचा होतो, पण चुकीचा आहे हे दिसेलच असं नाही.

तो अदलाबदल केलेला, चुकीचा प्रोग्राम वरच्या तीन बाय चारच्या मॅट्रिक्सवर चालवून पाहा. उत्तर अगदी बरोबर येतं! बाराही आकडे, योग्य क्रमाने. लिहिणारा निर्धास्त होतो. बरोबर उत्तर का आलं, हे शोधायचं तर फेरी पुन्हा पाहायला हवी. वरचा उजवा कोपरा म्हणजे ४. तिथे आपण तिरपं वर चढून पोचलोच नाही. ३ वरून उजवीकडे सरकून आलो, आणि तिथून खालची रेघ सुरू झाली. खालचा डावा कोपरा म्हणजे ९; तिथेही तिरपं उतरून आलो नाही, ५ वरून सरळ खाली आलो आणि तिथून वरची रेघ सुरू झाली. दोन्ही कोपरे रेघेची सुरुवात होते, शेवट नव्हते. अडचणीचा प्रश्न रेघ संपताना पडतो, सुरू होताना नाही. या मॅट्रिक्समध्ये तो पडलाच नाही.

मग तो पडतो कधी? ओळ आणि स्तंभ शून्यापासून मोजले तर एका तिरप्या रेघेवरच्या सगळ्या घरांत त्या दोघांची बेरीज सारखीच येते. बेरीज सम असेल तर ती रेघ वर जाणारी, विषम असेल तर खाली येणारी. वरच्या उजव्या कोपऱ्यात ओळ शून्य, म्हणून बेरीज म्हणजे स्तंभांच्या संख्येहून एक कमी. ती सम असली की वर जाणारी रेघ या कोपऱ्यात संपते, म्हणजेच स्तंभ विषम असताना. खालच्या डाव्या कोपऱ्यात बेरीज ओळींच्या संख्येहून एक कमी. ती विषम असली की खाली येणारी रेघ तिथे संपते, म्हणजेच ओळी सम असताना.

आता तीन बाय चार पाहा: ओळी विषम, स्तंभ सम. दोन्ही कोपरे सुटतात, म्हणून चूक झाकली जाते. सगळ्यांच्या आवडीची तीन बाय तीन घेतली तर वरच्या कोपऱ्यातली चूक पकडली जाते, खालच्या कोपऱ्यातली निसटते. जेपेगच्या आठ बाय आठमध्ये याच्या उलट. खालचा डावा कोपरा चूक उघडी पाडतो, पण वर जाण्याचा भाग चुकीचा लिहिलेला असला तरी जन्मभर कळणार नाही. उद्या कुणी तोच प्रोग्राम पाच स्तंभांच्या तक्त्यावर वापरला की मगच तो कोसळेल, आणि ‘इतकी वर्षं तर चालत होता’ असं म्हणत सगळे त्या पाच स्तंभांवर संशय घेतील. एकाच मॅट्रिक्समध्ये दोन्ही कोपरे तपासायचे असतील तर ओळी सम आणि स्तंभ विषम हव्यात. सोयीची लहान मॅट्रिक्स म्हणजे चार ओळी, तीन स्तंभ.

```
 १   २   ३
 ४   ५   ६
 ७   ८   ९
१०  ११  १२
```

बरोबर क्रम आहे १, २, ४, ७, ५, ३, ६, ८, १०, ११, ९, १२. चुकीचा प्रोग्राम ३ पर्यंत नीट येतो. ३ वर ‘वरची कड लागली’ म्हणून उजवीकडे पाऊल टाकतो, आणि तिथे चौथा स्तंभ नाही. पायथनमध्ये यादीबाहेर हात घातला की प्रोग्राम त्याच क्षणी एरर देऊन थांबतो. एका अर्थी ते बरंच. पण मेमरीत मॅट्रिक्स बहुतेकदा ओळीमागे ओळ अशी सलग मांडलेली असते. सी भाषेत तशा मांडणीवर काम करताना पहिल्या ओळीचं नसलेलं चौथं घर म्हणजे दुसऱ्या ओळीचं पहिलं घर. प्रोग्राम तक्रार न करता तिथला ४ दुसऱ्यांदा उचलतो. तिथून तिरपं खाली उतरलं की पुढचं घर ६, मग ८, मग १०. गाडी पुन्हा रुळावर आल्यासारखी दिसते! १० वर आल्यावर डाव्या कडेचा नियम आधी लागतो, प्रोग्राम मॅट्रिक्सच्या खाली उतरतो आणि मेमरीत जे काही पडलं असेल ते उचलतो. मग ११. बारा आकडे मोजून झाले, प्रोग्राम थांबला. ४ दोनदा आला, एक आकडा परका घुसला, ९ आणि १२ कुठेच नाहीत. उत्तराची लांबी मात्र बरोबर बारा. म्हणून नुसती लांबी तपासून काही कळत नाही.

तपासायचं ते असं. मॅट्रिक्समध्ये सगळे वेगवेगळे आकडे भरावेत आणि उत्तरात प्रत्येक आकडा एकदाच आला का ते पाहावं. शिवाय चालताना ओळ आणि स्तंभ यांची बेरीज कधी कमी होत नाही ना, हेही पाहावं. ती एकतर तेवढीच राहायला हवी किंवा एकाने वाढायला हवी. पण प्रोग्रामने पहिलं पाऊल उजवीकडे टाकण्याऐवजी खाली टाकलं तर या दोन्ही तपासण्या खुशाल पास होतात. ती चूक पकडायला दुसरा आकडा डोळ्यांनीच पाहावा लागतो: जेपेगच्या क्रमात तो पहिल्या ओळीतला असतो.

ती चूक झालेला फोटो पाहण्यासारखा असतो. तक्ता उघडतानाही पहिलं पाऊल खाली टाकलं, तर आठ बाय आठचा प्रत्येक तुकडा आपल्या जागीच कर्णाभोवती उलटतो, आडवं ते उभं आणि उभं ते आडवं होतं. प्रत्येक तुकड्याचा सरासरी उजेड पहिल्याच आकड्यात असल्यामुळे तो जागच्या जागी राहतो. म्हणून लांबून पाहिलं तर फोटो ओळखू येतो. जवळ गेलं की केसांच्या बटा आणि खिडकीच्या कडा तुकड्यातुकड्यांत मोडलेल्या दिसतात. नागमोडी क्रम उलगडायचाच विसरून आकडे सरळ ओळीने भरले तर वेगळंच घडतं. कामाचे आकडे सुरुवातीलाच असतात, ते बहुतेक सगळे पहिल्या ओळीत जाऊन बसतात, आणि पहिली ओळ म्हणजे फक्त आडव्या दिशेचे बदल. फोटो उभ्या पट्ट्यापट्ट्यांनी भरतो. पट्ट्या दिसल्या की अनुभवी माणूस बाकी काही न तपासता थेट क्रमाकडे वळतो.

वळणांची कटकटच नको असेल तर दुसरी वाट आहे. चालायचंच नाही, रेघा मोजायच्या. आठ बाय आठमध्ये रेघा १५ असतात, कुठल्याही मॅट्रिक्समध्ये ओळी अधिक स्तंभ वजा एक. प्रत्येक रेघेची बेरीज ठरलेली, त्यामुळे तिच्यावर ओळ कुठून कुठवर जाते हे थेट काढता येतं. बेरीज `d` असेल तर सर्वांत लहान ओळ `max(0, d-C+1)` आणि सर्वांत मोठी `min(d, R-1)`. मग `d` सम असेल तर मोठ्या ओळीकडून लहानीकडे यायचं, विषम असेल तर उलट. इथे कोपऱ्याचा वाद उद्भवतच नाही, कारण कडा आधीच त्या `max` आणि `min` मध्ये बांधलेल्या असतात. नव्याने लिहायचं असेल तर मी हीच पद्धत घेईन. चालण्याची पद्धत समजायला सोपी आहे खरी, पण तिच्यात चार `if` चा क्रम सांभाळावा लागतो. इथे दोनच सीमा सांभाळायच्या.

प्रत्यक्षात जेपेग उघडणारे प्रोग्राम यातलं काहीच करत नाहीत. चौकोन कायम आठ बाय आठचाच असल्यामुळे क्रम एकदाच काढून ६४ आकड्यांचा तक्ता लिहून ठेवतात आणि प्रत्येक चौकोनाला तोच वापरतात. `libjpeg` या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत त्याचं नाव `jpeg_natural_order` आहे. घरांना ओळीने ० ते ६३ असे क्रमांक दिले तर तो ०, १, ८, १६, ९, २, ३, १०, १७ असा सुरू होतो आणि ५५, ६२, ६३ वर संपतो. पण तक्त्यातल्या नोंदी मोजल्या तर त्या ६४ नाहीत, ८० आहेत. शेवटच्या सोळा नोंदींत सगळीकडे ६३ च लिहिलेलं आहे. फाइल खराब झालेली असेल तर ‘मध्ये इतकी शून्यं सोडा’ ही सूचना भलतीच मोठी येऊ शकते आणि मोजणी चौसष्टाव्या घराच्या पलीकडे उडी मारू शकते. तशी उडी पडली तरी आकडा मेमरीत भलत्याच जागी लिहिला जाऊ नये, शेवटच्या घरातच पडावा, म्हणून त्या सोळा नोंदी.